गिऱ्हाईक काय म्हणतं

बार्शीच्या एसटी स्टँडवर माझी पुस्तकांची टपरी आहे. एकतीस वर्षं झाली. लातूर, तुळजापूर, भूम, कुर्डुवाडी अशा गाड्या समोर लागतात. गाडी लागायच्या आधी दहा मिनिटं गर्दी, मग सामसूम. त्या दहा मिनिटांत पुस्तकाचं नाव घेऊन मागणारा विरळाच. "ते निळ्या पुठ्ठ्याचं द्या." "पोराला पाढे पाठ व्हायना गेलेत, काय हाय का?" "सासूबाईंना वाचायला देवाचं काहीतरी." एवढ्यावर मी बरोबर पुस्तक काढून द्यायचो, आणि ते फारसं कधी परत आलं नाही. याचा मला अभिमान आहे.

२०२१च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला. कोरोनातून कसंबसं सावरत होतो, तोवर स्टँड पुन्हा ओस पडलं. ज्यांच्या घरात पगाराचा मेळ बसत नव्हता त्यांनी काय करायचं, म्हणून संपकऱ्यांवर माझा राग नव्हता. पण नव्या वर्षाच्या दिनदर्शिकांचे गठ्ठे घरात येऊन पडले होते, आणि दिनदर्शिका जानेवारीनंतर रद्दीच.

सुमी, माझी धाकटी, पुण्याहून सुट्टीला आलेली. म्हणाली, "नाना, आपण ऑनलाइन दुकान काढू." गच्चीवर पांढरी चादर अंथरून तिनं एकेका पुस्तकाचा फोटो काढला. माहिती लिहायचं काम माझ्याकडे. मी मन लावून लिहिलं: 'सचित्र बालबोध अंकलिपी. सुबक छपाई, उत्तम कागद, टिकाऊ बांधणी.' ऱ्हस्व-दीर्घ तीनतीनदा तपासलं. पुस्तकवाल्याच्या दुकानात अशुद्ध शब्द दिसला तर लाज वाटायला पाहिजे, असं मी मानतो.

तीन आठवड्यांत चार ऑर्डरी आल्या. त्यातल्या दोन माझ्या मेहुण्याच्या.

एका रविवारी सुमीनं लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. दुकानात शोधायची जी चौकट असते, तिच्यात लोकांनी काय काय लिहिलं आणि त्यांना किती पुस्तकं दिसली, याची यादी होती.

ankalipi — ०
ank lipi — ०
अंकलीपी — ०
pavki nimki pustak — ०
mothe akshar pothi — ०

खाली आणखी बऱ्याच ओळी होत्या. बहुतेकांपुढे शून्य.

माझ्या पोटात कालवलं. टपरीसमोर इतकी माणसं उभी राहिली, त्यांनी वस्तू मागितली, ती माझ्याकडे होती, आणि मी आत बसून 'नाही' म्हणालो, असंच झालं की ते. अंकलिपीच्या दीडशे प्रती घरात पडून होत्या!

"अंकलीपी, 'ली'ला दुसरी वेलांटी," मी म्हणालो. "हे चूक आहे."

"नाना, माणूस चुकला तर तुम्हाला कळतं. आपल्या दुकानातल्या शोधाला वेलांटी बदलली की दुसराच शब्द वाटतो. आणि निम्मे लोक मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात, फोनवर तेच हाताला बसलंय."

मग आमचा वाद झाला. चुकीचं रूप पुस्तकाच्या नावात घालायला मी तयार नव्हतो, आजही नाही. शेवटी तिनं तोड काढली. नाव शुद्धच राहील, पण प्रत्येक पुस्तकाच्या मागे गिऱ्हाइकाला न दिसणारी एक जागा असते, तिथे लोक लिहितात ती सगळी रूपं भरायची. हे मला पटलं. टपरीवर तरी दुसरं काय करत होतो? बाई 'अंकलपी' म्हणाली म्हणून तिला कधी परत पाठवलं नाही.

पावकी-निमकीचं मात्र माझंच चुकलं होतं. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे असलेली छोटी पुस्तकं फळीखाली कित्येक वर्षं पडून होती. सतरा निघाली. मी त्यांच्यावर नुसतं 'पाढे' लिहिलं होतं. आता 'पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी' असं सगळं लिहिलं, आतल्या दिडकीच्या पानाचा फोटो टाकला. महिन्याभरात अकरा गेली. नाशिकच्या एका गृहस्थांनी ऑर्डरीसोबत लिहिलं होतं, 'वडील रोज म्हणून घ्यायचे. नातवाला ऐकवायचं आहे.'

मग मला नादच लागला. रात्री जेवण झालं की यादी उघडायची. पोलीस भरतीची पोरं पुस्तकाचं नाव लिहीत नाहीत, 'ganit sope' लिहितात. त्यांना गणिताची धास्ती असते, ती अशी दिसते. पोथी शोधणारे देवाच्या नावाआधी 'मोठं अक्षर' लिहितात, कारण वाचणारी आई असते आणि शोधणारा मुलगा. मी पोथीच्या पानावर पट्टी ठेवून फोटो काढला, अक्षर केवढं आहे ते दिसावं म्हणून.

जानेवारीत एक ओळ आली, ती मी वहीत उतरवून ठेवली:

mulila marathi vachta yava mhanun pustak

यात पुस्तकाचं नाव नाही, प्रकाशकाचं नाही, इयत्ताही नाही. समोर शून्य. मला ती बाई टपरीसमोर उभी दिसली, गाडी लागलीय, पोरगी काखेत. तिला मी काय दिलं असतं? अंकलिपी, बाराखडीचा कित्ता आणि जोडाक्षरं कमी असलेली गोष्टींची दोन पातळ पुस्तकं. एवढं दिलं असतं आणि सांगितलं असतं, की आधी गोष्ट तुम्ही वाचून दाखवा, कित्ता मग.

तसाच चार पुस्तकांचा संच केला. तीस रुपयांच्या अंकलिपीला टपालखर्चच जड व्हायचा, तोही प्रश्न सुटला. नाव काय द्यायचं यावर सुमी म्हणाली, 'मराठी वाचन संच'. मी म्हटलं, नाही. तिनं लिहिलंय तेच नाव, फक्त देवनागरीत: 'मुलीला मराठी वाचता यावं म्हणून'. मुलगा असलेल्यांनी काय करायचं, असं सुमीनं विचारलं, म्हणून खाली 'मुलासाठीही' घातलं.

फेब्रुवारीत त्या संचाच्या एकोणीस ऑर्डरी आल्या. बेंगळुरू, बडोदा, इंदूर, दोन हैदराबादच्या. पत्ते मी हातानं लिहिले. प्रत्येक संचात चिठ्ठी घातली: 'आधी गोष्ट तुम्ही वाचून दाखवा.' मूळ ओळ लिहिणारी त्यांत होती का, ते मला कधी कळणार नाही. ती परत आली असावी असं मी धरून चाललोय.

एप्रिलमध्ये गाड्या सुरू झाल्या. टपरी उघडली, फळ्या पुसल्या. गल्ल्याशेजारी आता एक वही असते. पहिल्याच आठवड्यात वैरागच्या एक आजी आल्या. तुळजापूरची गाडी लागलेली, कंडक्टर घंटी मारत होता.

"बाबा, चष्म्याबिगर दिसंल अशी पोथी हाय का?"

पोथी दिली, पैसे घेतले, आजींना गाडीत चढवलं. आणि त्या म्हणाल्या तसंच, शब्द न शब्द, वहीत लिहिलं. रात्री ते पोथीमागच्या जागेत भरलं, इंग्रजी अक्षरांत आणि लोक लिहितील त्या रूपांतही.

सुमीचा फोन आला. "नाना, असं कोण लिहिणार आहे?"

"राहू दे," मी म्हटलं.

दिवाळीनंतर यादीत एक ओळ दिसली: chashma nasla tari disel ashi pothi, aai sathi. समोर १ होता. त्याच रात्री ऑर्डर आली, पिंपरीहून. मी पोथी दोन कागदांत गुंडाळली, कोपरे दुमडू नयेत म्हणून पुठ्ठा लावला आणि सकाळी टपाल कार्यालय उघडायच्या आधीच दारात जाऊन उभा राहिलो.