परदेशी मेनू, मराठी डोळे

नमस्कार मंडळी. रंकाळ्याची फेरी मारून तुम्ही थेट इथं आलाय, काहींच्या पायातले बूटही अजून सुटलेले नाहीत, त्यामुळं मी लांबण लावत नाही. मी बँकेत छत्तीस वर्षं कारकुनी केली. इंग्रजी फॉर्म भरून घेण्यात आयुष्य गेलं, आणि तरी फोनपुढं मी गोंधळलोच. फोनवरचं इंग्रजी अनुवादाच्या ॲपनं मराठीत कसं वाचायचं ते आज सांगतो, सुरुवात तिथूनच करतो.

मुलानं नवा फोन दिला. सकाळी साडेपाचला गजर वाजला आणि पडद्यावर शब्द आला, Dismiss. झोपेत मला काही सुचेना. दुसऱ्या दिवशी अनुवादाच्या ॲपला तो शब्द विचारला, तर उत्तर आलं, ‘बडतर्फ करा’. निवृत्त होऊन आठ वर्षं झालेल्या माणसाला फोन बडतर्फ करायला निघाला होता! तिथं त्याचा अर्थ एवढाच होता, की गजर बंद करा.

ॲपची चूक अशी नव्हती. शब्द एकटा सापडला की त्याला संदर्भ नसतो. Charge म्हणजे बॅटरी भरणं, तसंच पैसे आकारणंही. Clear म्हणजे स्वच्छ, आणि मेनूत बहुतेक वेळा ‘पुसून टाका’. Decline म्हणजे घसरण, पण फोन वाजत असताना तो ‘घेऊ नका’ असतो. म्हणून एक शब्द टिपून विचारू नका. अख्खा पडदा विचारा. आजूबाजूची वाक्यं असली की अर्थ बराच जुळतो.

अख्खा पडदा विचारायचा कसा? दोन वाटा आहेत. घरात दुसरा फोन असेल, काकूंचा म्हणा, तर त्यात Google Translate उघडा, इंग्रजी आणि मराठी निवडा, कॅमेऱ्याचं चित्र दाबा आणि तुमच्या फोनच्या पडद्यावर धरा. इंग्रजीच्या जागी मराठी दिसतं. हात थरथरत असेल तर फोन टेबलावर ठेवा, ट्यूबलाइटचा झोत काचेवर पडू देऊ नका. एकच फोन असेल तर स्क्रीनशॉट काढा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबलं की फोटो निघतो. मग Translate मध्ये कॅमेरा उघडून तिथूनच गॅलरीतला तो फोटो निवडायचा.

इथं एक गंमत होते, गेल्या महिन्यात आपल्याच एका मावशींची झाली. मराठी दिसलेल्या पडद्यावर त्या ‘ठीक आहे’ दाबत बसल्या. काहीच होईना. अहो, तो फोटो होता! फोटोतलं बटण दाबून काय होणार? मराठी वाचायचं, कुठलं बटण कितवं आहे ते ध्यानात ठेवायचं, आणि मूळ पडद्यावर परत जाऊन दाबायचं. मी सरळ कागदावर लिहितो, ‘वरून तिसरं, निळं’. कागद-पेन्सिल वापरायची लाज कसली.

आता जोखमीचं बोलतो. ॲप तुम्हाला मेनूचा अर्थ सांगतं. ते दाबल्यानं काय होईल, हे सांगत नाही. Factory data reset याचं भाषांतर तुम्हाला काहीतरी कारखान्याचं वाटेल. उद्यमनगरात उभं असल्यासारखं. प्रत्यक्षात ते दाबलं तर फोनमधले फोटो, नंबर, सगळं पुसलं जातं. Delete, Erase, Reset, Uninstall यांपैकी एक शब्द जरी दिसला, तरी मराठी कितीही सोपं वाटो, त्या दिवशी दाबायचं नाही. नातवंडाला विचारा, ते रात्री कामावरून येईपर्यंत थांबा. फोन काही पळून जात नाही.

दुसरं, पैशाचे पडदे. बँकेचं ॲप उघडं असताना अनुवादाचा फोटो काढायचा नाही. पुष्कळ बँकांच्या ॲपमध्ये स्क्रीनशॉट मुद्दाम बंद केलेला असतो, काढायला गेलात तर नकार येतो किंवा काळा पडदा उमटतो. काही हुशार मंडळी मग दुसऱ्या फोनचा कॅमेरा लावतात. तो अडथळा तुमच्या भल्यासाठी घातलाय, कुंपण ओलांडून जाऊ नका. ओटीपी, यूपीआय पिन, आधारचा नंबर, औषधाची चिठ्ठी, हे अनुवादाला द्यायचंच नाही. नेट चालू असताना तुम्ही दिलेला मजकूर भाषांतरासाठी कंपनीकडं जातो. आणि काढलेले स्क्रीनशॉट काम झालं की गॅलरीतून पुसा. माझ्याकडं दीडशे साठले होते, त्यातल्या एकावर पेन्शनचा खाते क्रमांक स्पष्ट दिसत होता.

मराठी भाषेची फाईल फोनमध्ये आधीच उतरवून ठेवता येते. मग टाइप केलेल्या वाक्यांचं भाषांतर नेट नसतानाही होतं. वायफायवर एकदा करून घ्या, गावाकडं रेंज नसते तिथं उपयोगी पडतं.

आणि आता ज्यासाठी मला सचिवांनी मुद्दाम बोलावलं ते. मला दुपारी एक फोन आला. ‘काका, तुमची केवायसी अडकलीय. इंग्रजी वाचता येत नाही? हरकत नाही, मी व्हॉट्सॲपवर मराठी ट्रान्सलेटर पाठवतो, तेवढं उघडा.’ किती प्रेमळ! मी म्हटलं, लेका, मीच बँकेत होतो. ठेवला फोन. अशा फाईलीच्या नावापुढं APK असतं, आणि ती उघडली की तुमच्या फोनचा ताबा दुसऱ्याकडं जाऊ शकतो. ॲप घ्यायचं ते प्ले स्टोअरमधूनच, आणि तिथंही नावाखाली Google LLC लिहिलंय का ते पाहून. ओळखायची खूण अशी, की अनुवादाचं ॲप कॅमेरा मागेल, माइक मागेल, ते रास्त आहे. ते तुमचे मेसेज वाचायची परवानगी मागायला लागलं, किंवा Accessibility चालू करा म्हणालं, की तिथंच Deny किंवा Don't allow. कुणी ‘स्क्रीन शेअर करा, मी वाचून सांगतो’ म्हणालं तरी तेच उत्तर. पैसे गेलेच तर उशीर न करता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मुलाला सांगायची लाज वाटते म्हणून संध्याकाळपर्यंत थांबू नका, या कामात पहिले तास मोलाचे असतात.

तुम्ही विचाराल, फोनच मराठी करून टाकला तर? करा की. Settings मध्ये System, त्यात Languages, तिथं मराठी वर घ्यायची. फोनागणिक वाट थोडी वेगळी असते. माझं निम्मं काम त्यानंच झालं. पण मग मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो, ‘बाबा, Storage उघडा’ आणि तुमच्याकडं दिसतं ‘साठवण’ किंवा असलंच काही, तिथं दोघांचीही चिडचिड होते. काही ॲप तरीही इंग्रजीच राहतात. बदलायच्या आधी परतीची वाट कागदावर लिहून ठेवा.

चहा यायला दहा मिनिटं आहेत. शेजाऱ्याचा फोन घ्या, तुमचा नाही. त्याच्या घड्याळाचा मेनू उघडा आणि तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यानं वाचा. घड्याळात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. मागच्या रांगेतल्या आबांनी आधीच काहीतरी दाबलेलं दिसतंय, मी तिकडंच येतो.