खडकीहून अक्काला पत्र

खडकी, पुणे
रविवार, २६ नोव्हेंबर १९४४

ती. सौ. अक्काच्या चरणी धाकट्या इंदूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अक्षर मास्तरांचं, ते लगेच ओळखलं. हे पत्र मात्र मास्तरांकडे नेऊ नकोस. तारा आता चौथीत आहे, तिच्याकडून वाचून घे. सदा शेतावर असेल तेव्हा वाच, मग त्यालाही दाखव.

आम्ही खुशाल आहोत. मामंजींचा दमा थंडीनं उचल खातो, तेवढंच. रेशनच्या ज्वारीत खडे फार, निवडता निवडता दिवस जातो. रॉकेल संपलं की लवकर निजायचं. चंपाषष्ठीला खंडोबाची तळी भरली, भरीत-रोडगा केला. बाळ्या सारखा विचारत होता, आबा जेजुरीला कधी नेणार?

यांचं पत्र दिवाळीनंतर आलं. इटलीत आहेत हे आपण पेपरवरून जाणायचं, पत्रात गावाचं नाव लिहायची मुभा नाही. लिहिलेलं दिसतं ते एवढंच, की मी खुशाल आहे, पाऊस व चिखल फार, थंडी हाडांत शिरते. मधल्या दोन ओळी सरकारी माणसानं कात्रीनं कापून काढल्यात. बाळ्यानं त्या भोकात बोट घातलं नि म्हणाला, इथं आबांनी काय लिहिलं होतं? काय सांगू त्याला? मीच रात्रभर त्या दोन ओळी मनात लिहीत राहिले.

आता सदाचं. भरतीवाले गावात आले, पगार सांगितला, बूट-कपडे दाखवले, आणि तो बेळगावला जायचं म्हणतो. तू लिहितेस, इंदूच्या घरी मनिऑर्डर येते, आपल्याही घरी येईल, सावकार तोंड बंद करील. अक्का, मनिऑर्डर येते हे खरं. तिच्यावरच चूल पेटते, मी नाही म्हणत नाही. पण पोस्टमन आमच्या चाळीत शिरला की सगळ्या बायका हातातलं काम टाकून उंबऱ्यात येतात, आणि तो कोणाच्या दाराशी थांबतो हे बघेपर्यंत एकीच्याही तोंडून शब्द फुटत नाही. त्याच पिशवीत तारही असते. पलीकडच्या खोलीतल्या पोरीला आषाढात तार आली. वय तिचं ताराहून फार मोठं नाही. तिला पेन्शन बसेल म्हणतात. ती अजून दाराला कडी लावत नाही.

याच महिन्यात पेपरात मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे यांचं नाव आलं. आपल्या माणगावकडचे, नाईक होते. जुलैत इटलीत मशीनगनच्या माऱ्यात बरोबरचे सगळे पडले, तरी एकटे त्या मोर्चावर धावून गेले, तो घेतला, आणि तिथंच गोळी लागून गेले. सरकारनं व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर केला. मामंजींनी माझ्याकडून ती बातमी दोनदा वाचून घेतली. ते मागच्या जर्मन लढाईत बसऱ्याला होते, डोळे पुसत म्हणाले, पलटणीचं नाव राखलं. मलाही अभिमान वाटला, अक्का, अगदी भरून आलं. पण मला सारखं वाटत होतं, त्यांच्या घरी ही बातमी कोणी वाचून दाखवली असेल?

हे आफ्रिकेत केरनला लढले तेव्हा आपण म्हणालो, आता परततील. मग वाळवंट झालं, आता इटली. बाळ्या रांगत होता, आता पाटीवर आबांचं नाव लिहितो. लढाई संपत आली असं गेली दोन वर्षं सगळे सांगतात. एका घरातून एक माणूस दिलाय, तेवढं पुरे. सदा आईच्या पोटचा एकुलता मुलगा. दाजींना सांग, माझं नाव घेऊन सांग.

सावकाराचं मी बघते. सेवासदनात लिहाय-वाचायला शिकले तशी शिवणही शिकले, आता चोळ्या-परकर शिवते. यांनाही विचारलंय. पौषात निम्मं व्याज मी भरीन. तोवर सदाला सुगी उरकू दे, ज्वारी घरात येऊ दे. त्याला तरीही जायचंच असेल तर आधी पुण्याला माझ्याकडे यायला सांग. चार दिवस राहू दे. यांची सगळी पत्रं मी त्याच्यापुढे ठेवीन, मामंजी बसऱ्याचं सांगतील, ते गावात कोणाला सांगत नाहीत. मग त्यानं ठरवावं.

कोणी इकडे येणार असेल तर थोडी कुळथाची पिठी पाठव, मामंजींना बरी पडते. बाळ्यानं ताराला भोकाचे नवे पैसे दोऱ्यात ओवून ठेवलेत, आलीस की देईन. आईला माझं इतकंच सांग की यांचं पत्र आलं, बाकी नको.

उत्तर ताराच्या हातचं पाठव, लवकर पाठव.

तुझी,
इंदू