बी.एस्सी. नोंदणीची माहिती मिळण्यासाठी विभागप्रमुखांना पत्र

दिनांक : १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. विभागप्रमुख,
संख्याशास्त्र विभाग,
कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय, बीड.

विषय : एम.एस्सी.च्या संशोधन प्रकल्पासाठी बी.एस्सी. नोंदणीची, विद्यार्थ्यांची ओळख काढून टाकलेली माहिती मिळण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या विभागात एम.एस्सी. द्वितीय वर्षात शिकत असून चौथ्या सत्रातील संशोधन प्रकल्पासाठी ‘बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांची सत्रनिहाय गळती’ हा विषय घेतला आहे. या कामासाठी २०१८-१९ ते २०२२-२३ या पाच वर्षांत प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांची, २०२४-२५ अखेरपर्यंतची सत्रनिहाय नोंदणी मला हवी आहे. ही माहिती महाविद्यालयाच्या कार्यालयाकडे असल्याने माझा अर्ज आपल्या शिफारशीसह मा. प्राचार्यांकडे पाठवावा, अशी विनंती आहे.

पहिल्या सत्रात प्रात्यक्षिकांच्या जेवढ्या बॅचेस असतात तेवढ्या तिसऱ्या सत्रात उरत नाहीत, हे आपण सर्वजण पाहतो. पण कमी झालेली मुले नेमकी कोणत्या टप्प्यावर गेली आणि का गेली, हे हजेरीपटावरून समजत नाही. नीट किंवा सीईटीची फेरी उशिरा लागून नर्सिंगला, फार्मसीला गेलेली मुलगी आणि शिक्षणच सोडलेली मुलगी, या दोघींची नावे पटावरून सारखीच कमी होतात. एटीकेटीत अडकून एक वर्ष ड्रॉप घेतलेला मुलगा तर पुढच्या वर्षी परतही येतो. या तिघांना एकत्र मोजून काढलेली टक्केवारी मला खरी वाटत नाही, आणि तिच्या आधारे कोणाला मदत करायला गेले तर ती भलतीकडेच जाण्याची शक्यता आहे. म्हणून मी सर्व्हायव्हल अॅनालिसिसची पद्धत वापरणार आहे. तिच्यात टीसी घेऊन अन्यत्र प्रवेश घेतलेल्यांना गळतीत न धरता त्या टप्प्यापासून निरीक्षणाबाहेर गेलेले मानता येते आणि प्रत्येक सत्रात शिक्षण सुटण्याची शक्यता किती, हे वेगळे काढता येते.

आपल्या जिल्ह्यापुरता एक प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो. कारखान्यांचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे पहिल्या सत्राची परीक्षा आणि जवळजवळ संपूर्ण दुसरे सत्र त्यातच येते. ज्या तालुक्यांतून ऊसतोडीला मोठ्या संख्येने कुटुंबे जातात, तेथील विद्यार्थ्यांची नोंदणी याच काळात तुटते का, आणि वसतिगृहात राहणाऱ्यांच्या बाबतीत ती टिकते का, हे मला पाहायचे आहे. मात्र कोणाचे आईवडील ऊसतोडीला जातात, ही माहिती मी मागत नाही. तालुका हा त्याला फक्त ढोबळ पर्याय आहे, त्यावरून कोणा एका विद्यार्थ्याविषयी निष्कर्ष काढता येत नाही, आणि ही मर्यादा मी अहवालात स्पष्टपणे लिहीन.

२०२३-२४ चे प्रवेश मी घेतलेले नाहीत, कारण त्या विद्यार्थ्यांचे तिसरे वर्ष अजून सुरू आहे. २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार विषयांची रचनाच बदलल्याने तेही वगळले आहेत. कोविडच्या काळातील सत्रांचे विश्लेषण स्वतंत्रपणे करीन.

मला हव्या असलेल्या फाइलची रचना पुढीलप्रमाणे आहे. ओळी नमुन्यादाखल आणि काल्पनिक आहेत.

```
sid,entry_year,stream,sem,status,gender,category,taluka,hsc_band,hostel,scholarship
7304,2021,B,1,R,F,2,Dharur,60-69,0,1
7304,2021,B,2,N,F,2,Dharur,60-69,0,1
```

प्रत्येक विद्यार्थ्याची प्रत्येक सत्रासाठी एक ओळ असावी. `status` या स्तंभात नोंदणी असल्यास R, ड्रॉप असल्यास Y, टीसी घेऊन अन्यत्र प्रवेश असल्यास T आणि काहीही नोंद नसल्यास N असावे; संपूर्ण प्रकल्प याच स्तंभावर उभा आहे. `stream` मध्ये गणित गट M आणि जीवशास्त्र गट B असा फरक हवा, कारण नीटमुळे होणारे स्थलांतर मुख्यतः दुसऱ्या गटात असावे असा माझा अंदाज आहे. बारावीचे गुण नेमके न देता दहा-दहा टक्क्यांच्या गटात द्यावेत. प्रवर्गासाठी खुला १ आणि आरक्षित २ एवढेच पुरे. यामुळे आरक्षित प्रवर्गांमधील आपापसांतला फरक मला दिसणार नाही, हे मान्य आहे. पण प्रवर्ग, तालुका, लिंग आणि वर्ष एकत्र आले की एखाद्या गटात एकच विद्यार्थिनी उरू शकते, आणि तसे होऊ देण्यापेक्षा मी तो तपशील सोडून देणे पसंत करते. हा स्तंभही देणे योग्य नाही असे आपल्याला वाटल्यास त्याच्याशिवायही माझे काम होईल.

नाव, पीआरएन, आधार क्रमांक, मोबाइल, जन्मतारीख, गाव, पत्ता, जात, उत्पन्न आणि बँक खाते यांपैकी काहीही मला नको. जन्मतारीख निरुपद्रवी वाटते, पण लतान्या स्वीनी यांनी अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेवरून दाखवले होते की केवळ जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड यांच्या आधारे तेथील सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येऊ शकतात. आपल्या महाविद्यालयासारख्या, सगळे एकमेकांना ओळखतात अशा ठिकाणी हा धोका अधिकच आहे.

`sid` हा क्रमांक कार्यालयानेच यादृच्छिक पद्धतीने द्यावा आणि कोणता क्रमांक कोणाचा, याची यादी कार्यालयाबाहेर जाऊ नये. पीआरएनवर हॅश वापरून क्रमांक तयार करणे सुरक्षित नाही, कारण पीआरएन ओळीने दिलेले असल्याने सर्व संभाव्य क्रमांकांचे हॅश काढून मूळ क्रमांक शोधता येतो. त्याचप्रमाणे फाइल देण्यापूर्वी ती `sid` च्या क्रमाने लावावी. प्रवेशाच्या किंवा रोल नंबरच्या क्रमाने राहिल्यास त्या क्रमावरूनच नावे जुळवता येतील. कार्यालयावर कामाचा भार पडू नये म्हणून यासाठीचे एक्सेलचे टेम्प्लेट मी तयार करून देईन, मात्र खरी माहिती त्यात भरली जात असताना मी तेथे हजर राहणार नाही.

फाइल विभागाच्या प्रयोगशाळेतील एकाच संगणकावर, पासवर्डखाली ठेवीन आणि ती माझे मार्गदर्शक व मी एवढ्या दोघांनाच उघडता येईल. पेनड्राइव्ह, व्हॉट्सअॅप, ईमेल किंवा माझा स्वतःचा लॅपटॉप यांवर ती नेणार नाही, आणि इतर कोणत्याही यादीशी ती जुळवून पाहणार नाही. पाचपेक्षा कमी विद्यार्थी असलेला कोणताही गट अहवालातील तक्त्यात छापणार नाही. एकूण बेरजेतून वजाबाकी करून तो आकडा काढता येऊ नये म्हणून शेजारचा एक आकडाही झाकीन. तोंडी परीक्षा झाल्यावर आपल्यासमक्ष फाइल कायमची पुसून टाकीन. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये संशोधन व सांख्यिकी कामासाठी सवलत असली, तरी ती माहिती एखाद्या व्यक्तीविषयी निर्णय घेण्यासाठी वापरायची नाही, अशी तिची अट आहे. त्यामुळे या फाइलवरून कोणावर कारवाई होणार नाही किंवा कोणाची शिष्यवृत्ती तपासली जाणार नाही, हेही परवानगीच्या पत्रात नमूद व्हावे, अशी माझी विनंती आहे.

विद्यार्थीनिहाय ओळी देणे शक्य नसल्यास वर्ष, सत्र, लिंग आणि तालुका यांनुसार केवळ संख्यांचा तक्ता मिळाला तरी मी प्रकल्पाची व्याप्ती कमी करून तो पूर्ण करीन. मात्र त्यातही टीसी घेतलेल्यांची संख्या वेगळी असणे आवश्यक आहे. विश्लेषणाला किमान दोन महिने लागणार असल्याने ३१ जानेवारीपर्यंत निर्णय कळल्यास फार मदत होईल. अहवाल सादर करण्यापूर्वी सर्व तक्ते आपल्याला दाखवीन, आणि त्यातून कोणाची ओळख उघड होते असे आपल्याला वाटल्यास तो भाग काढून टाकीन.

कळावे.

आपली विद्यार्थिनी,
प्रणाली दत्तात्रय शेळके
एम.एस्सी. द्वितीय वर्ष, संख्याशास्त्र

सोबत : प्रकल्पाचा आराखडा, मार्गदर्शकांचे शिफारसपत्र, गोपनीयतेचे स्वाक्षरी केलेले हमीपत्र.