परीक्षक क्र. 2 यांच्या सूचनेला उत्तर

मा. संपादक आणि परीक्षक महोदय,

स.न.वि.वि.

तालुक्याच्या रुग्णालयात लायसिस करून सोलापूरला पाठवलेल्या रुग्णांवरील आमचा लेख आपण बारकाईने वाचलात, त्याबद्दल आभार. परीक्षक क्र. 1 यांच्या भाषाविषयक दुरुस्त्या सर्व केल्या आहेत. हे उत्तर मुख्यतः परीक्षक क्र. 2 यांच्या मागणीबद्दल आहे: 24 तासांच्या आत अँजिओग्राफी केल्याचा फायदा स्त्रियांमध्ये, आणि त्यातही विड्या वळणाऱ्या स्त्रियांमध्ये, वेगळा दाखवावा.

प्रश्न रास्त आहे. या शहरात तो आम्हालाही पडतो.

स्त्री-पुरुष विश्लेषण केले आहे. एकूण 412 रुग्णांत 30 दिवसांतील मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरच्या 47 घटना घडल्या. पुरुषांमध्ये (316 रुग्ण, 34 घटना) ऑड्स रेशो 0.51 (95% मर्यादा 0.24 ते 1.07), तर स्त्रियांमध्ये (96 रुग्ण, 13 घटना) 0.84 (0.26 ते 2.70) आला. इंटरॅक्शनची पी-व्हॅल्यू 0.48 आहे. म्हणजे स्त्रियांना फायदा कमी होतो असे यातून म्हणता येत नाही, आणि तेवढाच होतो असेही नाही. मूळ परिणामाएवढाच फरक दोन समान गटांत पकडायचा, तरी साधारण चौपट रुग्ण लागतात. हा तक्ता पुरवणीत दिला असून, विश्लेषण पूर्वनियोजित नव्हते हे त्याच्या शीर्षकातच लिहिले आहे.

विडी कामगार स्त्रियांचा उपगट मात्र करू नये, असे आमचे ठाम मत आहे. अडचण केवळ संख्येची नाही. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईच्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात बहुतेकदा ‘घरकाम’ असेच लिहिलेले असते. छातीत दुखत असलेल्या रुग्णाचा पेपर नातेवाईक भरतात आणि वर्षानुवर्षे तंबाखूची भुकटी हाताळलेली बाई गृहिणी म्हणून नोंदली जाते. नोंद सापडलेल्या 21 जणींची तुलना उरलेल्यांशी केली, तर त्या ‘उरलेल्यां’तही विडी कामगार असतीलच. असा आकडा एकदा छापला की पुढचे लेख त्याचाच हवाला देतात.

आयसिस-2 चे उदाहरण परीक्षकांना माहीत असेलच. 1988 च्या त्या चाचणीत 17,187 रुग्ण असूनही राशीनुसार गट पाडल्यावर मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा उपयोग नाही असे दिसले होते. आमच्याकडे तर 412 च आहेत.

तरीही प्रश्न सोडून द्यायचा नाही. यापुढील नोंदणीत ‘घरी विड्या वळता का? किती वर्षे?’ हा स्वतंत्र प्रश्न घातला आहे. तो मराठीबरोबर तेलुगूतही छापला आहे, कारण इथल्या अनेक विडी कामगार स्त्रिया घरी तेलुगू बोलतात. चर्चेच्या भागात ही उणीव स्पष्ट करणारा परिच्छेद जोडला आहे. सारांश आणि निष्कर्ष यांत उपगटाचा उल्लेख केलेला नाही, आणि तो तसाच राहावा अशी विनंती आहे.

आपले नम्र,
सर्व लेखकांच्या वतीने,
हृदयरोग विभाग, सोलापूर