निकाल पोर्टलवरील गुणांच्या तफावतीबाबत प्राचार्यांना पत्र

दिनांक : ९ जानेवारी २०२६

प्रति,
मा. प्राचार्य,
द्वारा : विभागप्रमुख, रसायनशास्त्र विभाग

विषय : सत्र ३ च्या रसायनशास्त्र पेपरचे गुण पोर्टलवर विसंगत दिसत असल्याने उत्तरपत्रिकेची पडताळणी होण्याबाबत

महोदया,

मी स्नेहल जाधव, द्वितीय वर्ष बी.एस्सी., तुकडी अ, हजेरी क्रमांक ४७, आसन क्रमांक ३१८२६. सत्र ३ चा निकाल मंगळवारी, ६ जानेवारीला संध्याकाळी पोर्टलवर आला. त्यात रसायनशास्त्राच्या CHE-231 या पेपरसमोर पुढीलप्रमाणे नोंद दिसते :

अंतर्गत (CIE) ४० पैकी ३२
सत्रांत (SEE) ६० पैकी १४
एकूण १०० पैकी ७३
श्रेणी F

३२ आणि १४ यांची बेरीज ४६ होते, ७३ नव्हे. म्हणजे तिन्हींपैकी निदान एक आकडा चुकला आहे. अंतर्गत गुणांबद्दल मला शंका नाही. विभागाने डिसेंबरमध्ये लावलेल्या यादीत माझे ३२ च होते आणि त्यासमोर मी सहीही केली आहे. उरतात सत्रांत आणि एकूण. एकूण ७३ बरोबर धरले, तर सत्रांत परीक्षेचे ४१ व्हायला हवेत. ४१ चे १४ भरले गेले असावेत, असा माझा अंदाज आहे. तो अंदाजच आहे. खरा आकडा उत्तरपत्रिकेवर सापडेल, तो जो असेल तो मला मान्य आहे.

आणखी एक शक्यता सांगून ठेवते. पेपरमध्ये प्रत्येकी १२ गुणांचे पाच प्रश्न होते. चौथ्यातला ४ गुणांचा एक उपप्रश्न मला आला नाही, बाकी सगळे लिहिले. चौथा आणि पाचवा प्रश्न मी पुरवणीत सोडवला आहे. पुरवणी घेतल्याची नोंद पर्यवेक्षकांच्या तक्त्यावर असेल. ती पुरवणी मुख्य उत्तरपत्रिकेला जोडलेली आहे ना आणि तिच्यातले गुण मुखपृष्ठावर आले आहेत ना, एवढे कृपया पाहावे.

स्क्रीनशॉट दोन जोडले आहेत : एक ६ तारखेला संध्याकाळी ७ वाजून ४२ मिनिटांनी घेतलेला, दुसरा ८ तारखेला सकाळचा. मधल्या दिवशी पोर्टल उघडतच नव्हते. आपोआप दुरुस्ती होईल म्हणून थांबले होते, पण दोन्हींत आकडे तेच आहेत. स्क्रीनशॉट कुठेही कापलेले नाहीत. वरचा पत्ता, तारीख, माझा आसन क्रमांक सगळे दिसते. माझ्या आधीच्या आणि नंतरच्या आसन क्रमांकाच्या मैत्रिणींनी आपापली बेरीज करून पाहिली, त्यांची जुळते. त्यामुळे सगळ्या वर्गाचा घोळ आहे असे मी म्हणत नाही, फक्त माझ्या ओळीत काहीतरी चुकले आहे.

हे आधी परीक्षा विभागाच्या खिडकीवर सांगितले. "स्क्रीनशॉट चालत नाही, छापील गुणपत्रिका आली की या," असे उत्तर मिळाले. स्क्रीनशॉटवर विसंबून गुण बदलू नयेत हे मलाही पटते. पण सूचनाफलकानुसार पडताळणीचे अर्ज १६ जानेवारीपर्यंतच घेतले जाणार आहेत आणि छापील गुणपत्रिका फेब्रुवारीत मिळणार आहे. मग गुणपत्रिका घेऊन मी जायचे कुठे? शिवाय सत्रांत परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी ६० पैकी २४ लागतात. १४ मुळे पोर्टलवर मी अनुत्तीर्ण दिसते, एसजीपीएचा रकाना कोरा आहे आणि बॅकलॉगचा फॉर्म २० तारखेच्या आत भरावा लागेल. घरी आईला "७३ मिळाले आणि नापास झाले" हे समजावताना माझीच पंचाईत झाली.

म्हणून विनंती अशी की, उत्तरपत्रिका काढून प्रत्येक प्रश्नाचे गुण, मुखपृष्ठावरील बेरीज, परीक्षकांची गुणयादी आणि पोर्टलवरील नोंद ही चारही एकमेकांशी ताडून पाहावीत. चूक आढळल्यास पोर्टलवर दुरुस्ती व्हावी आणि छापील गुणपत्रिका दुरुस्त गुणांनीच निघावी. पेपर पुन्हा तपासून गुण वाढवून द्यावेत, अशी माझी मागणी नाही. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज मी केलेला नाही. पडताळणीचा विहित अर्ज शुल्क भरून आजच दिला आहे. चूक नोंदीतलीच निघाली तर ते शुल्क परत मिळावे. उत्तरपत्रिकेवर खरोखरच १४ गुण असतील, तर मला छायाप्रत मिळावी, म्हणजे बॅकलॉगच्या तयारीला लागता येईल.

निर्णय २० तारखेच्या आधी कळवल्यास उपकार होतील. मी रोज प्रात्यक्षिकांना ११ ते २ प्रयोगशाळेत असते, केव्हाही बोलावल्यास येईन.

आपली विद्यार्थिनी,
स्नेहल जाधव
द्वितीय वर्ष बी.एस्सी. (अ)

सोबत : पोर्टलच्या दोन स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रती, प्रवेशपत्राची प्रत, पडताळणी शुल्काची पावती
प्रत माहितीसाठी : परीक्षा नियंत्रक