पुरुष मेडिसिन वॉर्ड : आहारतज्ज्ञांच्या नोंदींची तपासणी, जुलै २०२५

प्रति : वैद्यकीय अधीक्षक, गुणवत्ता कक्ष, वॉर्ड इन्चार्ज सिस्टर
सादर करणार : वरिष्ठ आहारतज्ज्ञ, आहार विभाग

जुलैमध्ये वॉर्डातून डिस्चार्ज झालेल्या आणि आहारतज्ज्ञाची निदान एक नोंद असलेल्या ३० रुग्णांचे केसपेपर तपासले. डिस्चार्ज रजिस्टरमधून दर तिसरा घेतला. यादी १४ मुद्द्यांची होती. ११ केसपेपरांवर माझ्याच नोंदी होत्या, ते सहकारी आहारतज्ज्ञाने तपासले. सुरुवातीचे ५ दोघींनी वेगवेगळे तपासले तेव्हा एकाच मुद्द्यावर मतभेद झाला : ‘उद्दिष्ट स्पष्ट आहे का?’ मला स्पष्ट वाटलेलं तिला मोघम वाटत होतं. म्हणून प्रश्न बदलून ‘उद्दिष्टात आकडा आहे का?’ असा केला आणि तेच पाचही पुन्हा तपासले.

| मुद्दा | पूर्तता |
|---|---|
| ॲलर्जी व खाण्याचे निर्बंध (उपवास, शाकाहार) | ३०/३० |
| भरतीनंतर २४ तासांत मस्ट स्क्रीनिंग | २६/३० |
| वजन प्रत्यक्ष मोजल्याची नोंद | १३/३० |
| कॅलरी-प्रथिनांचे उद्दिष्ट आकड्यात | १९/३० |
| रुग्णाने खरोखर किती खाल्लं | ९/३० |
| फेरतपासणी ठरल्या दिवशी | १४/२४ |
| घरच्या आहाराचा लेखी सल्ला | २१/३० |

सही, तारीख, हस्ताक्षर वगैरे उरलेल्या ७ मुद्द्यांत काळजीचं काही नाही, फक्त वेळ लिहायची राहते. स्क्रीनिंग चुकलेले चारही रुग्ण शनिवारी संध्याकाळनंतर भरती झालेले होते.

खरा प्रश्न वजनाचा आहे. ३० पैकी २८ केसपेपरांवर वजन लिहिलेलं आहे, त्यामुळे वरवर पाहिलं तर सगळं ठीक दिसतं. पण त्यातल्या १५ ठिकाणी ते काट्यावर घेतलं की नातेवाइकांनी सांगितलं, हे कळायला मार्ग नाही.

यादीतला ७ वा केसपेपर पाहावा. रुग्ण ६३ वर्षांचे, मधुमेही, उंची १६४ सेंमी. भरतीच्या वेळी मुलाने सांगितलेलं ५८ किलो आम्ही लिहून घेतलं. बीएमआय २१.६, मस्ट शून्य, ‘डायबेटिक सॉफ्ट, १७४० कॅलरी’. चौथ्या दिवशी सिस्टरांनी खुर्चीच्या काट्यावर वजन घेतलं : ४९.५. ते टीपीआर शीटवर नीट लिहिलेलंही आहे. त्या वजनाने बीएमआय १८.४ होतो आणि नुसत्या बीएमआयचेच २ गुण, म्हणजे रुग्ण जास्त जोखमीचा. मुलाचा ५८ चा आकडा काही महिन्यांपूर्वीचा असेल, तर सुमारे १५ टक्के घट झालेली होती. मग रीफीडिंगचा धोका धरून फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पाहायला सांगायला हवं होतं. आमच्या पुढच्या तिन्ही नोंदींत ५८ च उतरत गेलं. रुग्ण सुखरूप घरी गेले, पण त्याचं श्रेय आमच्या नोंदींना देता येणार नाही. हा केसपेपर माझ्या अकरांपैकी आहे.

दुसरी खोड ‘सीएसटी’ची. फेरतपासणीच्या नोंदींत ‘सॉफ्ट डाएट, सीएसटी’ एवढंच लिहून पान उलटलेलं दिसतं. काल ताट परत गेलं की संपलं, राईल्स ट्यूबचे किती फीड प्रत्यक्ष गेले, याचा पत्ता नाही. राऊंडला डॉक्टरांना हेच हवं असतं. ताट उचलणाऱ्या मावशींना ते ठाऊक असतं, पण त्यांना कुणी विचारत नाही.

करायच्या गोष्टी वॉर्ड इन्चार्ज सिस्टरांशी बोलून ठरवल्या आहेत. खुर्चीचा काटा दोन वॉर्डांत मिळून एकच आहे आणि बहुतेक वेळा शेजारी असतो. या वॉर्डासाठी स्वतंत्र काट्याची मागणी सोबत जोडली आहे, तिला ३१ ऑगस्टपर्यंत मंजुरी मिळावी ही विनंती. तोवर सोमवार आणि गुरुवार सकाळी काटा इथे राहील. आहाराच्या फॉर्मवर वजनापुढे ‘मोजलेलं / सांगितलेलं’ अशा दोन चौकटी १८ ऑगस्टपासून येतील. ‘सांगितलेलं’वर खूण असेल, तर ४८ तासांत मोजण्याची जबाबदारी आहारतज्ज्ञाची. उभं राहू न शकणाऱ्यांची उंची अंदाजाने न लिहिता कोपर ते मनगट लांबी मोजून काढायची. टेप आम्ही दोघी खिशात ठेवू.

आहाराच्या नोंदीत ‘सीएसटी’ आजपासून बंद. त्याऐवजी आदल्या दिवसाचं खाणं पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण असं लिहायचं. मावशी ताट उचलताना बेडच्या तक्त्यावर खूण करतील. त्यांना दोन दुपारी अर्धा-अर्धा तास शिकवू, पण हे त्यांच्या कामात वाढवलेलं काम आहे, हे प्रशासनाने लक्षात घ्यावं. शनिवार-रविवारचं स्क्रीनिंग ड्यूटीवरच्या सिस्टर करतील आणि सोमवारी नऊच्या आत यादी आमच्याकडे येईल.

ऑक्टोबरच्या डिस्चार्जमधून याच यादीने पुन्हा ३० केसपेपर तपासू. मोजलेलं वजन २७ आणि खाण्याची नोंद २४ केसपेपरांत दिसावी, एवढंच लक्ष्य ठेवलं आहे. त्या वेळी तपासायला दुसऱ्या वॉर्डाची आहारतज्ज्ञ येईल.