दिवाळीच्या शुभेच्छा, आभार आणि दुकानाच्या सुट्ट्या

।। श्री ।।

8 ऑक्टोबर 2025

आमची नेहमीची गिऱ्हाइकं, मिस्त्री, वायरमन, प्लंबर, रंगारी आणि काही न घेता गल्ल्याशी दोन घटका बोलून जाणारी मंडळी, सर्वांना सप्रेम नमस्कार.

दिवाळी तोंडावर आली. आता रोज गर्दी वाढणार, आणि गर्दीत आमच्या तोंडून 'हां, पुढं कोण?' याशिवाय दुसरं काही निघत नाही. म्हणून बोलायचं ते आधीच कागदावर उतरवतोय. बिलासोबत हा कागद मिळेल, व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवतोय.

पहिल्यांदा आभार. यंदाचा पावसाळा दुकानाला जड गेला. समोर गटाराचं काम निघालं, रस्ता उकरून ठेवला आणि पायरीपर्यंत यायला एक फळी तेवढी उरली. स्कूटर लावायला जागा नाही, चिखल घोट्यापर्यंत. मोबाइलवर बोट लावलं की नळ घरी येतो अशा काळात तुम्ही त्या फळीवरून आलात. एका आजींना फळीवर पाय ठेवायची भीती वाटली, तर त्यांनी पलीकडूनच पिशवी हलवून हाक मारली, 'अरे, वॉशर हवाय, पण जुना बघून दे रे!' दुकानातला पोरगा पलीकडे गेला, झिजलेला वॉशर घेऊन आला, डब्यातले चार-पाच त्यावर ठेवून बघितले आणि जुळला तो नेऊन दिला. असल्या विक्रीत चहाचेही पैसे सुटत नाहीत. पण आजींना दुसरं दुकान जवळ होतं, हे आम्हाला ठाऊक आहे.

मिस्त्री मंडळींचंही तसंच. काम थांबलं होतं, पैसे अडकले होते, तरी खातं हलतं ठेवलंत. त्याची जाण आहे.

आता वेळा.

शुक्रवार 10 ऑक्टोबरपासून रविवार 19 पर्यंत दुकान सकाळी साडेआठ ते रात्री साडेनऊ सलग उघडं. दुपारची सुट्टी नाही, मधले दोन्ही रविवारही चालू. सोमवारी 20 तारखेला नरक चतुर्दशी आहे, अभ्यंगस्नान उरकून दहाला उघडू आणि रात्री आठला बंद करू. लक्ष्मीपूजन कुठल्या दिवशी, यावरून यंदा रोज एक तरी जण वाद घालून जातो. काही कॅलेंडरांत 20 आहे, आपल्याकडच्या पंचांगात मंगळवार 21, आणि आम्ही 21 धरलीय. त्या दिवशी दुपारी एकपर्यंत विक्री. संध्याकाळी पूजा, तेव्हा प्रसादाला जरूर या, पण होल्डर मागू नका. बुधवारी 22 ला पाडव्याचा मुहूर्त म्हणून सकाळी नऊ ते बारा उघडू.

भाऊबीजेपासून, म्हणजे गुरुवार 23 ते रविवार 26, दुकान पूर्ण बंद. सोमवार 27 पासून नेहमीसारखं, सकाळी नऊ ते दीड आणि साडेचार ते साडेआठ.

चार दिवस बंद म्हटल्यावर काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. दुकानातली पोरं वर्षभर तुमच्यासाठी माळ्यावर चढउतार करतात, त्यांना गावी जाऊन बहिणीकडे दोन दिवस निवांत बसता यावं, एवढ्यासाठी ही सुट्टी आहे. एसटीला त्या दिवसांत काय गर्दी असते ते सांगायला नको. जाण्यायेण्यातच दोन दिवस जातात.

मी मात्र इथंच आहे. पाण्याची मोटर बंद पडली, पाइप फुटला, घरात अंधार झाला, तर बिलावरच्या नंबरवर फोन करा. शटर अर्धं वर करून वस्तू देईन. भिंतीचा रंग जरा फिका वाटतोय, हे मात्र अडीअडचणीत धरत नाही.

रंगाचं निघालंच आहे तर, मशीनवर शेड काढून घ्यायची असेल तर 15 तारखेच्या आत या. पुढं घाऊक माल वेळेवर येईलच असं नाही, शिवाय रंगारीही गावी पळतात. एकदा मिसळलेला डबा परत घेता येत नाही. तो तुमच्या भिंतीशिवाय कुणाच्याच कामाचा नसतो.

दिव्यांच्या माळा आमच्यासमोर लावून, सगळे दिवे पेटतायत ना ते बघूनच न्या. गेल्या वर्षीची माळ माळ्यावरून काढाल तेव्हा प्लगपासून टोकापर्यंत वायरीवरून नजर फिरवा. कुठं उंदरानं कुरतडलं असेल, कुठं जोडावरची टेप सुटली असेल. वायर दाराच्या फटीतून घेऊ नका, दार लागताना ती रोज थोडी थोडी चेंगरते. एकाच बोर्डावर मल्टिप्लगला मल्टिप्लग लावून इस्त्रीही तिथंच, हे तर नकोच.

आणि एक गोष्ट दर दिवाळीला होते. कुणीतरी येतं, 'एमसीबी सारखी पडतेय, मोठी द्या.' मी देत नाही, मग माणूस रागावतो. एमसीबी पडते ती भिंतीतली वायर वाचवायला. दिव्यांच्या लाइनला दीडची वायर आणि वर सहा किंवा दहा अँपिअरची एमसीबी असते, तिथं बत्तीसची बसवली तर एमसीबी पडणार नाही, वायर तापेल, आणि ती भिंतीत असल्यानं तुम्हाला कळणारही नाही. आधी लोड कमी करून बघा. तरी पडली तर वायरमनला दाखवा. यावरून कुणाचं मन दुखावलं असलं तरी यंदाही देणार नाही.

जीएसटी उतरला, मग तुमचे भाव का उतरत नाहीत, हा प्रश्न 22 सप्टेंबरपासून रोज येतो. सिमेंटवर 28 टक्के होता तो 18 झाला, ते बिलात तुम्हाला दिसेलच. वायर, स्विच, एलईडी बल्ब आणि रंग यांवर आधीही 18 होता आणि आताही 18 च आहे. तिथं आमच्या हातात काही नाही.

उधारीविषयी मोठ्यानं बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, तेव्हा हळूच लिहितो. लक्ष्मीपूजनाला नवी वही घालतो, जुनीतली पानं शक्यतो त्याआधी मिटावीत. ज्यांचं बिल साइटवरून सुटायचं आहे त्यांनी येऊन तसं सांगितलं तरी पुरे. तेवढ्यासाठी तोंड चुकवून पलीकडच्या फुटपाथनं जाऊ नका, मोठ्या मापाचे पाइप तिकडे मिळत नाहीत.

तुम्हाला आणि घरच्या सगळ्यांना दीपावलीच्या मनापासून शुभेच्छा.

आपला,
अण्णा हार्डवेअरवाले
आणि दुकानातली सगळी पोरं

ता. क. : पंखे, मिक्सर आणि मोटरी वाइंडिंगला देऊन विसरलेल्यांनी त्या शनिवार 18 तारखेपर्यंत न्याव्यात. येताना पावती आणा. तीन पंखे अगदी सारखे आहेत, आणि पट्टी चिकटवलेली कुणाची, ते आता पोरांनाही सांगता येत नाही.